पडद्यावर २४ अंश, एसी मात्र गप्प : एका रिमोटचा प्रकरण अभ्यास

मावशीच्या झोपण्याच्या खोलीतला स्प्लिट एसी रिमोटला दाद देत नाही, अशी तक्रार माझ्यापर्यंत आली तेव्हा तिच्यासोबत निदानही तयार होते. रिमोटमध्ये दोन दिवसांपूर्वीच नवे सेल घातले होते, पडद्यावर २४ अंश आणि पंख्याचे चिन्ह ठळक दिसत होते, बटण दाबले की आकडा २३ किंवा २५ होत होता. म्हणजे रिमोट ठणठणीत आहे आणि बिघाड एसीच्या कार्डात, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डातच असणार, असे काकांनी ठरवून टाकले होते. दुरुस्तीच्या माणसानेही फोनवर एवढेच ऐकून कार्ड बदलावे लागेल असे सांगितले होते. एसी चुकीच्या बाजूने उघडला जाण्याची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते, म्हणून हे प्रकरण कोणत्या क्रमाने उलगडत गेले ते सविस्तर नोंदवून ठेवतो.

काकांचा तर्क सरळ होता, पण त्याच्या मुळाशी एक गैरसमज होता. एसीच्या रिमोटवरचा पडदा एसीची अवस्था दाखवत नाही. तो रिमोटच्या स्वतःच्या स्मृतीत काय आहे तेवढेच दाखवतो. संदेश रिमोटकडून एसीकडे एकाच दिशेने जातो आणि एसीकडून पोच परत येत नाही. त्यामुळे एसीचा मेन स्विच बंद असला, किंवा रिमोट दुसऱ्या खोलीत नेऊन दाबला, तरी पडद्यावरचा आकडा तितक्याच आज्ञाधारकपणे बदलतो. पोच मिळते ती फक्त एसीच्या ‘बीप’मधून. म्हणून मी पहिला प्रश्न पडद्याबद्दल विचारलाच नाही. “काका, बटण दाबल्यावर एसी एकदाही वाजतो का?” असे विचारले, तेव्हा त्यांनी थोडा विचार करून सांगितले, “अगदी जवळ जाऊन दाबलं तर कधीतरी वाजतो. आणि हो, दाबताना पडद्यावरची अक्षरं क्षणभर फिकी होतात बघ.”

खरे तर निम्मे निदान या दुसऱ्या वाक्यात होते. पण ते पडताळण्याआधी बिघाड कोणत्या बाजूला आहे हे निश्चित करणे आवश्यक होते.

बिघाड कोणत्या बाजूचा

बहुतेक स्प्लिट एसींच्या इनडोअर युनिटवर, समोरचे झाकण वर उचलले की उजव्या बाजूला, एक लहान बटण असते. रिमोट हरवला किंवा बिघडला तर एसी चालू करता यावा यासाठी ते दिलेले असते. ते एकदा दाबून सोडले की एसी स्वयंचलित पद्धतीने सुरू होतो आणि पुन्हा दाबले की बंद होतो. ते दाबून धरू नये, कारण अनेक मॉडेलांत पाच-सहा सेकंद दाबून ठेवल्यास एसी चाचणीच्या अवस्थेत जातो आणि खोलीचे तापमान न पाहता थंडावा देत राहतो. काकांना या बटणाचा पत्ताच नव्हता आणि दोन रात्री त्यांनी उकाड्यात काढल्या होत्या. बटण दाबताच बीप वाजली, झडप उघडली, पंखा फिरू लागला आणि थोड्या वेळाने बाहेरचे युनिटही सुरू झाले. याचा अर्थ मुख्य कार्ड जिवंत होते आणि शीतकरणाचा भाग व्यवस्थित होता. आता संशयाला जागा दोनच उरल्या: संदेश पाठवणारा रिमोट आणि तो झेलणारा सेन्सर.

या दोहोंत निवड करण्यासाठी मोबाइलचा कॅमेरा पुरतो. रिमोटच्या टोकाला असलेला दिवा साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश टाकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला जांभळट पांढरा ठिपका म्हणून दिसतो. येथे एक खबरदारी हवी. अनेक मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यावर अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी चांगली असते आणि त्यातून काहीच दिसत नाही, त्यामुळे चांगला रिमोटही मेलेला ठरतो. पुढचा कॅमेरा वापरावा, आणि आधी तोच कॅमेरा चालू स्थितीतल्या दुसऱ्या एखाद्या रिमोटवर, उदाहरणार्थ टीव्हीच्या, पाहून घ्यावा. टीव्हीच्या रिमोटचा ठिपका आम्हाला लख्ख दिसला. एसीच्या रिमोटचा ठिपका दिसला खरा, पण मंद, आणि बटण दाबल्यावर पहिल्या क्षणी उजळून लगेच मरगळणारा. त्याच वेळी पडद्यावरचा २४ फिका पडून पुन्हा गडद झाला. काकांचे निरीक्षण अचूक होते.

नव्या सेलांमागची जुनी स्प्रिंग

सेल नवे असतील तर पडदा फिका का पडावा? मल्टिमीटरवर दोन्ही सेल सुटे मोजले तेव्हा प्रत्येकी १.५७ व्होल्ट आले, म्हणजे सेल खरोखर नवे होते. मग मागचे कप्पे नीट पाहिले. वरवर सगळे स्वच्छ दिसत होते, कारण काकांनी सेल बदलताना कप्पा फडक्याने पुसला होता. पण ऋण टोकाची स्प्रिंग टॉर्चच्या प्रकाशात पाहिली तेव्हा तिच्या टोकाच्या वेढ्याला, म्हणजे नेमका जेथे सेलचा तळ टेकतो तेथे, करड्या रंगाची काचेसारखी साय धरलेली होती. आणि स्प्रिंग प्लास्टिकमध्ये जेथे शिरते त्या बुडाशी पांढऱ्या भुकटीचे बारीक कण अडकलेले होते. आधीचे सेल कधीतरी झिरपले होते. अल्कलाइन सेलमधून झिरपणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पांढरे पोटॅशियम कार्बोनेट बनते, आणि वाटेत स्प्रिंगवरचा निकेलचा मुलामा खाऊन खालच्या पोलादाला गंज चढवते. भुकटी फडक्याने निघते, गंजाची साय निघत नाही.

रिमोटचे चार स्क्रू काढून पाठ उघडली आणि मल्टिमीटरची एक टोचणी स्प्रिंगच्या टोकाला, दुसरी ती स्प्रिंग कार्डावर जेथे डाग देऊन जोडली आहे तेथे लावली. येथे जवळपास शून्य रोध दिसायला हवा होता. मीटरवर ३० ते ५० ओहमच्या दरम्यान डळमळणारा आकडा आला. हा आकडा लहान वाटतो, आणि पडद्याच्या दृष्टीने तो खरोखरच नगण्य आहे. अशा पडद्याला आणि स्वस्थ बसलेल्या चिपला काही मायक्रोअँपिअर लागतात. २० मायक्रोअँपिअर धरले तरी ४० ओहममधून जाताना होणारी घट एका मिलिव्होल्टहूनही कमी भरते. म्हणून पडदा ठळक राहतो. प्रकाशाचे स्पंद सोडताना मात्र दिव्यातून क्षणिक १०० मिलिअँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह जातो. कार्डावरचा छोटा कपॅसिटर त्या टोकदार मागणीला हातभार लावतो, तरी स्पंद सुरू असेपर्यंत सेलांकडून सरासरी ३० मिलिअँपिअर ओढले जातात असे मानले, तर ४० ओहमवर १.२ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. सेलांच्या ३.१ व्होल्टपैकी कार्डापर्यंत १.९ पोहोचतात, आणि त्यातले १.२ ते १.५ व्होल्ट तर दिव्याला पेटण्यासाठीच हवे असतात. उरलेल्यात तो मिणमिणतो, आणि चिपही तिच्या किमान विद्युतदाबाच्या काठावर येते.

प्रत्यक्ष मोजणीने याला दुजोरा दिला. सेल घालून, कार्डावरच्या जोडांवर टोचण्या ठेवून बटण दाबले तेव्हा ३.१ चा आकडा क्षणभर २.४ पर्यंत घसरून परत वर आला. मल्टिमीटर संथ असतो आणि काही क्षणांची सरासरी दाखवतो, म्हणून खरी घसरण याहून खोल असणार हे गृहीत धरावे.

“मग टीव्हीचा रिमोट असाच कळकट असूनही कसा चालतो?” हा मावशीचा प्रश्न रास्त होता. टीव्हीचा रिमोट ‘आवाज वाढव’ एवढीच एक छोटी खूण पाठवतो. एका प्रचलित पद्धतीत ती ३२ बिटांची असते, आणि हुकली तरी पुन्हा दाबले की काम होते. एसीचा रिमोट दर वेळी संपूर्ण अवस्था पाठवतो: चालू की बंद, थंड की कोरडी हवा, किती अंश, पंख्याचा वेग, झडप, टायमर आणि शेवटी या सर्वांची बेरीज पडताळणारा अंक. आपण फक्त एक अंश कमी केला तरी पूर्ण यादी नव्याने जाते. शंभराहून अधिक बिटांचा हा संदेश पाव सेकंद किंवा त्याहूनही जास्त काळ चालू शकतो. त्याची सुरुवात जोरात आणि शेवट मंद झाला, किंवा मधले एक बिट जरी वाहून गेले, तर शेवटची पडताळणी जुळत नाही आणि एसी सगळा संदेश टाकून देतो. अर्धवट पालन होत नाही. बीपसुद्धा वाजत नाही. वारंवार दाबून ‘कधीतरी’ यश मिळते त्यामागे हेच कारण असते.

साफसफाईत घाई केली की नुकसान वाढते. पॉलिश पेपरने स्प्रिंग चकचकीत होते, पण उरलासुरला निकेलचा मुलामाही निघतो आणि उघडे पोलाद काही आठवड्यांत पुन्हा गंजते. मी कापसाच्या काडीचे टोक व्हिनेगरमध्ये किंचित ओले करून स्प्रिंगच्या टोकाला लावले. अल्कधर्मी अवशेषावर सौम्य आम्ल पडले की बारीक फेस येतो, तो आला आणि थांबला. मग दुसऱ्या काडीने साध्या पाण्याचा ओलावा फिरवून आम्ल काढून घेतले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, आणि राहिलेली साय पेन्सिलीच्या खोडरबराने घासून उतरवली. सपाट पट्ट्यांनाही तेवढेच केले. स्प्रिंग थोडी बसकी झाली होती, म्हणून चिमट्याने अलगद बाहेर ओढली. पूर्ण सुकायला अर्धा तास दिल्यावर रोध एका ओहमच्या आत आला, बटण दाबताना विद्युतदाब ३ व्होल्टच्या खाली उतरेना आणि कॅमेऱ्यातला ठिपका टीव्हीच्या रिमोटइतकाच लख्ख दिसू लागला.

येथे कॅमेऱ्याच्या चाचणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती प्रकाश आहे एवढेच सांगते. तो योग्य लयीत आहे की नाही हे सांगत नाही. हा प्रकाश सहसा सेकंदाला ३८ हजार वेळा उघडझाप करतो आणि सेन्सर तेवढीच लय निवडून ऐकतो. अनेक रिमोटांत ही लय एका छोट्या सिरॅमिक रेझोनेटरवरून ठरते, आणि रिमोट फरशीवर आपटला की तो नेमका तडकतो. मग दिवा कॅमेऱ्यात झगमगतो, पण लय सरकलेली असल्याने एसी त्याला ओळखत नाही. आमच्या रिमोटच्या बाबतीत ही शंका लगेच फिटली, कारण युनिटखाली उभे राहून बटण दाबताच बीप वाजली, आणि दहापैकी दहा वेळा वाजली.

खिडकीवरचा गोंद

पलंगावरून मात्र बीप येईना. युनिटपासून पलंग जेमतेम चार मीटर होता, आणि असे रिमोट सहसा सात-आठ मीटरवरून चालतात. एका मीटरवर दहापैकी दहा, दोन मीटरवर सहा-सात, चारवर एकही नाही, असा उतरता क्रम दिसला. रिमोटचा जोर आता पूर्ण होता, म्हणून लक्ष झेलणाऱ्या बाजूकडे वळले.

सेन्सर म्हणजे तीन पायांचा, वाटाण्याएवढा काळा घटक. तो बहुधा तापमान दाखवणाऱ्या छोट्या कार्डावर, युनिटच्या पुढच्या झाकणातल्या काळपट चकचकीत पट्टीमागे बसवलेला असतो. ही पट्टी म्हणजे सेन्सरची खिडकी. ती डोळ्यांना जवळजवळ अपारदर्शक दिसते, पण अवरक्त प्रकाश तिच्यातून सहज जातो. तिची स्वच्छता नुसत्या नजरेने ठरवता येत नाही याचे कारणही तेच: काळ्या पृष्ठभागावरचा धुरकट थर समोरून पाहिल्यास ओळखू येत नाही. मी टॉर्च बाजूने, अगदी तिरपा धरला तेव्हा पट्टीच्या उजव्या अर्ध्यावर एक सरळ कडा उमटली. कडेच्या एका बाजूला चकाकी होती आणि दुसऱ्या बाजूला राखाडी, खरबरीत पट्टा. बोटाने तो किंचित चिकट लागला.

मावशीने लगेच उलगडा केला. दोन महिन्यांपूर्वी खोली रंगवताना रंगाऱ्यांनी युनिटवर प्लास्टिक टाकून ते चिकटपट्टीने बांधले होते. पट्टी काढली, तिचा गोंद तेथेच राहिला, आणि भिंत घासताना उडालेली पुट्टीची धूळ त्यावर बसली. रिमोटची तक्रारही साधारण तेव्हाच सुरू झाली होती. आधी हात लांब करावा लागे, मग उठून जावे लागे. गोंदामुळे झेलण्याची ताकद कमी झाली होती आणि गंजामुळे फेकण्याची. यांपैकी एकच दोष असता तर रिमोट कदाचित रडतखडत चालत राहिला असता.

दोष खरोखर खिडकीचाच आहे हे पुसण्यापूर्वी तपासता येते, आणि तपासावे. पुढचे झाकण उचलल्यावर बऱ्याच युनिटांत सेन्सर उघडा पडतो किंवा निदान एक आवरण कमी होते. झाकण वर धरून मावशीला पलंगावरून बटण दाबायला सांगितले आणि बीप वाजली. झाकण खाली केले की वाजेना. सेन्सर शाबूत होता. झाकण उघडूनही प्रतिसाद आला नसता, तर सेन्सरच्या कार्डाची वायर सैल आहे का, किंवा युनिट धुताना पाणी तेथे शिरले होते का, हा पुढचा प्रश्न झाला असता. सर्व्हिसिंगनंतर लगेच रिमोट चालेनासा होतो तेव्हा बहुधा यांपैकीच एक कारण निघते. पण तो तपास मेन स्विच बंद करून, जाणत्या तंत्रज्ञानेच करावा. सेन्सरला ५ व्होल्टच लागतात हे खरे असले, तरी अनेक एसींच्या कार्डावर तो ५ व्होल्टचा भाग मुख्य विद्युतपुरवठ्यापासून अलग केलेला नसतो, आणि चालू युनिटमध्ये टोचणी घालणे जीवावर बेतू शकते.

गोंद काढताना थिनर, पेट्रोल किंवा नखांचे पॉलिश काढण्याचा द्रव वापरू नये. पट्टीचे प्लास्टिक पांढुरके होते आणि मग खिडकी कायमची धूसर राहते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून त्यात पिळलेले मऊ फडके दोन मिनिटे पट्टीवर धरून ठेवले, मग एकाच दिशेने पुसले. तीन वेळा असे केल्यावर तिरप्या प्रकाशातली कडा नाहीशी झाली. मेन स्विच अर्थातच बंद ठेवला होता आणि फडक्यातून पाणी गळणार नाही असे पाहिले होते. सुकल्यावर पलंगावरून पहिल्याच दाबाला बीप आली. खोलीतले दिवे बंद-चालू करूनही पाहिले, कारण काही सीएफएल आणि एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्याने किंवा सेन्सरच्या खिडकीवर थेट पडणाऱ्या उन्हाने सेन्सर गोंधळतो. येथे काहीही फरक पडला नाही.

तीन आठवड्यांनी

प्रकरण येथेच मिटायला हवे होते, पण मिटले नाही. तीन आठवड्यांनी तापमान वाढवण्याचे बटण मेले, आणि दोन दिवसांत पडदाच कोरा झाला. रिमोट पुन्हा उघडला तेव्हा माझी चूक समोर आली. झिरपलेला द्रव स्प्रिंगच्या पायावरून कार्डापर्यंत पोहोचला होता. मी जोड मोजला, पण त्याच्या आजूबाजूचा हिरवा लेप भिंगाखाली पाहिला नव्हता. त्या लेपाखालची तांब्याची रेघ निळसर हिरवी होऊन एका ठिकाणी पूर्ण तुटली होती, आणि बटणांखालच्या काळ्या कार्बनच्या ठशांपर्यंत डाग पसरले होते. तुटलेली रेघ बारीक तारेने जोडता येते. खराब झालेले ठसे घरी नीट होत नाहीत. स्प्रिंगच्या बुडाशी भुकटी सापडली तर कार्डाची दोन्ही अंगे त्याच वेळी तपासावीत, हे मी तेव्हाच करायला हवे होते.

नवा रिमोट घेण्याची वेळ आली. या कामाला सगळे ‘जोडणी’ किंवा ‘पेअरिंग’ म्हणतात, आणि त्या शब्दामुळे लोक एसीवर काहीतरी बटण शोधत बसतात. अवरक्त रिमोटच्या बाबतीत एसी रिमोटची ओळख लक्षात ठेवत नाही. त्याला फक्त आपली भाषा कळते. जे काही ठरवायचे ते रिमोटमध्येच. म्हणून पहिली पसंती त्याच मॉडेलच्या रिमोटला द्यावी, आणि तो एसीच्या नावावरून न निवडता जुन्या रिमोटच्या पाठीवर किंवा सेलच्या कप्प्यात छापलेल्या क्रमांकावरून निवडावा. एकाच उत्पादकाचे दिसायला जुळे असलेले दोन रिमोट वेगवेगळी भाषा बोलत असू शकतात.

तसा रिमोट मिळूनही एसी ऐकत नसेल, तर एक कमी परिचित शक्यता तपासावी. एका खोलीत दोन युनिटे असली की एका रिमोटने दोन्ही चालू नयेत, म्हणून काही उत्पादक युनिटला आणि रिमोटला वेगळा पत्ता किंवा संकेत देण्याची सोय ठेवतात. तो काही ठिकाणी कार्डावरची छोटी तार तोडून बदललेला असतो, तर काही ठिकाणी बटणांनी. नवा रिमोट कारखान्यातल्या मूळ संकेतावर असतो. बटणांनी बदललेला संकेत काही मॉडेलांत सेल बदलले की आपोआप मूळ जागी परततो, म्हणजे जुना रिमोटही केवळ नवे सेल घातल्यामुळे ‘बिघडू’ शकतो. अशा वेळी उपाय एसीच्या माहितीपुस्तिकेत असतो.

आमच्या एसीचा मूळ रिमोट उपलब्ध नव्हता, म्हणून अनेक कंपन्यांच्या भाषा साठवलेला युनिव्हर्सल रिमोट आणला. त्यासोबतच्या कागदावर एसीच्या नावापुढे आठ-दहा तीन आकडी संकेत होते. SET बटण दाबून धरले की पडद्यावरचा संकेत लुकलुकतो, बाणांनी हवा तो निवडायचा आणि पक्का करायचा. पहिले तीन संकेत निष्फळ ठरल्यावर काकांनी आपोआप शोधण्याची पद्धत वापरून पाहिली: एसी बंद अवस्थेत, रिमोट त्याच्या दिशेने धरून तेच बटण अधिक वेळ दाबून ठेवले, आणि रिमोट एकामागून एक संकेताने ‘चालू हो’ असे सांगत सुटला. साधारण दोन मिनिटांनी एसी वाजला. काकांना बोट उचलायला क्षणभर उशीर झाला आणि संकेत दोन घरे पुढे गेला. हे जवळजवळ प्रत्येकाकडून होते, म्हणून बाणाने एकेक मागे येत पडताळावे लागते. 131 वर एसी सुरू झाला.

“झालं काम,” असे म्हणून काकांनी रिमोट खाली ठेवला, पण काम झालेले नव्हते. बंद करण्याची आज्ञा एसीने पाळली, थंडाव्यावरही तो गेला. मात्र पंख्याचा वेग कोणताही निवडला तरी वारा तसाच राहिला आणि झडप हलेना. जवळच्या नात्यातल्या भाषांत असे होते. संदेशाचा साचा आणि पडताळणीची रीत सारखी असते, म्हणून एसी तो स्वीकारतो आणि बीपही देतो. पण पंख्याची किंवा झडपेची माहिती ज्या जागी तो शोधतो तेथे या संकेतात दुसरेच काही लिहिलेले असते. त्यामुळे पहिल्या बीपवर समाधान मानू नये. आम्ही कागदावरचे उरलेले संकेत एकेक करून लावले आणि प्रत्येकावर तीच परीक्षा घेतली: चालू, बंद, २४ अंश दिल्यावर युनिटच्या पडद्यावरही २४ येतात का, पंख्याचे तीनही वेग, झडप, आणि शेवटी टायमर. 137 वर टायमरसह सगळे जुळले.

दोन गोष्टी मात्र गेल्या, आणि त्या युनिव्हर्सल रिमोटवर सहसा जातातच. जुन्या रिमोटवर युनिटचा दिवा रात्री विझवण्याचे बटण होते, ते या रिमोटवर नाही. दुसरे, जुन्या रिमोटमध्ये तापमान मोजण्याची सोय होती. ती चालू केली की रिमोट ठेवलेल्या जागेचे तापमान तो अधूनमधून एसीला कळवत असे आणि एसी त्यानुसार थंडावा राखत असे. आता एसी वर भिंतीवरचे, स्वतःजवळचे तापमान पाहतो. मावशीला पहिले दोन दिवस २४ अंशांवर गारवा वेगळा वाटला तो यामुळेच. तिने २५ ठेवले आणि विषय संपवला.

काकांनी सेलच्या झाकणाच्या आत कागदी चिकटपट्टीवर 137 लिहून ठेवले. अशा स्वस्त रिमोटांपैकी काहींची स्मृती सेल काढताच पुसली जाते. पावसाळ्यानंतर त्यांनी सेल बदलले तेव्हा पडद्यावर 000 आले, आणि मला फोन न करता त्यांनी अर्ध्या मिनिटात एसी चालू केला.